बाहेरगावच्या वक्त्याला पाठवलेले निमंत्रणपत्र : काय लिहिले आणि काय राहून गेले?

खानापूर, मराठीच्या प्राध्यापिका

आमच्या पदवी महाविद्यालयात मराठी विभागाचे एकदिवसीय चर्चासत्र घेण्याचे ठरले असून बाहेरगावच्या एका अभ्यासकांना बीजभाषणासाठी बोलावण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. कार्यालयातील जुन्या फायलींत मला निमंत्रणपत्रांचे जे नमुने मिळाले, त्यांत वक्त्यांच्या विद्वत्तेचा गौरव दहा ओळींचा आणि तारीख, वेळ, प्रवास यांचा मजकूर दोन ओळींचा, असेच प्रमाण दिसते. श्रोते कोण असतील हे तर एकाही पत्रात लिहिलेले नाही. म्हणून या भागात ज्यांनी वक्ते बोलावले आहेत, किंवा जे वक्ते म्हणून इकडे येऊन गेले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या पहिल्या पत्राचा अनुभव लिहावा. चर्चासत्र कसे पार पडले याचा वृत्तांत नको आहे. पत्रात काय लिहिले होते आणि काय लिहायचे राहिले, एवढेच हवे आहे.

बेळगाव, निवृत्त मराठी विभागप्रमुख

मी सुमारे तीस वर्षे अशी पत्रे लिहिली आणि त्यांतील निम्मी तरी सदोष होती, हे आधीच मान्य करतो. ज्या पत्राने मला शहाणे केले आणि त्यानंतर लिहिलेले जे पत्र बऱ्यापैकी जमले, त्या दोहोंविषयी लिहितो.

पहिल्या पत्रात मी विषय लिहिला होता, ‘मराठी भाषा : काल, आज आणि उद्या’. वक्ते पुण्याचे होते आणि नामवंत होते. त्यांनी येऊन मराठीला महाराष्ट्रात राज्यव्यवहारात मिळणाऱ्या स्थानाविषयी उत्तम भाषण केले. समोर बसलेली आमची मुले मात्र कर्नाटकात शिकणारी, घरी मराठी आणि कार्यालयात कन्नड अशी, त्यामुळे त्या भाषणातील एकही अडचण त्यांची नव्हती आणि त्यांची एकही अडचण त्या भाषणात नव्हती. दोष वक्त्यांचा नव्हता, कारण मी त्यांना विषय दिलाच नव्हता, कोठेही चालेल असे एक शीर्षक तेवढे दिले होते.

दुसरे पत्र शुक्रवार, 17 जानेवारी 2025 च्या चर्चासत्राचे. आम्ही आधी डिसेंबराचा दुसरा आठवडा धरला होता. प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला, “सर, त्या आठवड्यात पाहुण्यांना उतरवणार कोठे?” सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते तेव्हा शहरातील बऱ्यापैकी खोल्या आमदार, अधिकारी आणि पोलीस यांच्यासाठी आधीच घेतलेल्या असतात, मोर्चांमुळे महामार्गावर वाहतूक खोळंबते, आणि त्या वर्षी तर 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीचीही तयारी चालू होती. म्हणून जानेवारी ठरला. नोव्हेंबराची पहिली तारीख मात्र कोणीही कधीच धरू नये. त्या दिवशी राज्योत्सव असतो आणि मराठी भाषक काळा दिवस पाळतात, त्यामुळे बाहेरचा माणूस नाहक पेचात सापडतो.

रेल्वेचे आरक्षण आता 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. 17 जानेवारीसाठी ते नोव्हेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात उघडणार होते, म्हणून होकार त्याआधी हातात पडावा या हिशेबाने मी पत्र दिवाळी संपताच पाठवले. वक्त्यांना फोन मात्र त्याच्याही आठ दिवस आधी केला होता. फोनवर फक्त तारीख आणि विषयाची दिशा बोललो. बाकी सर्व पत्रात घातले, कारण फोनवरचे तपशील दोन्हीकडे वेगवेगळे लक्षात राहतात.

पत्रातील मधले दोन परिच्छेद जसेच्या तसे देतो:

“श्रोत्यांत बी. ए. च्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांत मराठी विषय घेतलेले सुमारे पन्नास विद्यार्थी, शेजारच्या तीन महाविद्यालयांतील दहा-बारा अध्यापक आणि गावातील काही वाचक असतील. विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे माध्यमिक शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे. ते मराठी सहज बोलतात आणि समजतात, परंतु प्रमाण मराठीतील पारिभाषिक शब्द त्यांना अवघड जातात. भाषाविज्ञान त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

आपण ‘चंदगड आणि खानापूर परिसरातील बोलींची क्रियापदे’ या विषयावर पन्नास मिनिटे बोलावे आणि त्यानंतर वीस मिनिटे प्रश्नोत्तरे व्हावीत अशी आमची विनंती आहे. कार्यक्रम साडेदहाला सुरू होईल, मात्र नाडगीत, दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय होऊन आपले भाषण सव्वाअकराच्या सुमारास सुरू होईल असे धरावे.”

हा सव्वाअकराचा उल्लेख आमच्या संचालक मंडळातील एका सदस्यांना कमीपणाचा वाटला होता. “आपणच आपला उशीर लेखी कशाला द्यायचा?” असे ते म्हणाले. पण वक्त्यांनी नंतर मुद्दाम सांगितले की त्या ओळीमुळेच त्यांनी आपले बोलणे नेमके मोजून आणले. एरवी आपली वेळ कोण खाणार हे त्यांना व्यासपीठावर बसल्यावरच कळते.

श्रोत्यांचे वर्णन वाचून त्यांचा तीन दिवसांनी फोन आला आणि त्यांनी विचारले, “मुले घरी ‘काय करायलैस’ म्हणतात का? मग तेथूनच सुरुवात करतो.” असा फोन त्यापूर्वी मला कोणत्याही वक्त्यांनी केला नव्हता.

प्रवासात मात्र मी चुकलो. पुण्याहून येणारी वंदे भारत गुरुवारी आहे, संध्याकाळनंतर बेळगावला पोहोचते, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आणि सकाळी कार्यक्रम, असे सर्व छान बसले होते. परतीचा विचार मी केलाच नव्हता. तीच गाडी पुण्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवारी जाते, तीही सकाळी. शुक्रवारी सकाळी तर आमचे चर्चासत्रच होते आणि पुढची गाडी रविवारची. वक्त्यांचे वय सत्तरीच्या जवळ, गुडघे दुखत असल्यामुळे रात्रीच्या बसला त्यांचा नकार. शेवटी त्यांच्या बहिणीचे घर कोल्हापुरात असल्याने त्यांना तेथवर मोटारीने सोडायचे ठरले. अंतर सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे काही फार नाही, परंतु पिवळ्या पाटीच्या सगळ्याच गाड्यांकडे महाराष्ट्रात जाण्याचा परवाना नसतो हे आम्हाला त्याच दिवशी दुपारी कळले आणि पाहुणे चहा पीत बसले असताना आम्ही परवान्याची गाडी शोधत होतो. तेव्हापासून पत्रात मी परतीचा प्रवास आधी लिहितो आणि येण्याचा नंतर.

बेळगाव तालुका, एका गावच्या साहित्य संमेलनाचे कार्यकर्ते

आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि आमचा अनुभव असा आहे की पत्राने कोणी येत नाही. आम्ही चौघे जण अध्यक्षांच्या घरी जातो, नारळ आणि शाल देतो, त्यांच्याबरोबर जेवतो आणि तेथेच तारीख पक्की करतो. पत्र नंतर केवळ फायलीसाठी जाते. श्रोत्यांविषयीही आम्ही काही लिहीत नाही, कारण सारे गावच श्रोता असते, त्यात शाळेतली पोरेही येतात आणि आजीही येतात. प्राध्यापिका बाईंनी एवढा विचार करण्यापेक्षा एकदा समक्ष जाऊन यावे असे मला वाटते.

खानापूर, मराठीच्या प्राध्यापिका

दादा, आपली पद्धत मला आवडते. परंतु समक्ष भेटीसाठी लागणारा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हे आमचे कार्यालय मला विचारील आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय संमेलनाला गाव येते. आमच्याकडे येणारी मुले उपस्थितीपत्रकावर सही करण्यासाठी येतात, आणि त्यांनी शेवटपर्यंत बसावे यासाठीच मला श्रोत्यांविषयी लिहायचे आहे.

निपाणी, महाविद्यालयाचे कार्यालयीन अधीक्षक

प्राध्यापक मंडळी विषय आणि श्रोते यांविषयी लिहितील, पण बिले माझ्या टेबलावर येतात म्हणून माझी बाजू मांडतो. पत्रात एक परिच्छेद कार्यालयाचा असावा. प्रवासखर्च कोणत्या वर्गाच्या तिकिटाप्रमाणे मिळेल, मूळ तिकीट किंवा विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवावा, मानधन बँक खात्यात जमा होईल, त्यासाठी पॅन क्रमांक आणि रद्द केलेला धनादेश सोबत आणावा, हे सर्व त्यात आधीच लिहावे. कार्यक्रम संपल्यावर, शाल खांद्यावर असताना, पाहुण्यांकडे रद्द केलेला धनादेश मागणे आम्हालाही संकोचाचे होते.

आणखी दोन गोष्टी. पाच हजारांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून सही घ्यावी लागते, ते तिकीट ऐनवेळी सापडत नाही. आणि मोटारीने पाहुण्यांना आणले असेल तर हत्तरगी आणि कोगनोळी येथील टोल फास्टॅगमधून परस्पर कापला जातो, कागदी पावती मिळत नाही. लेखापरीक्षक पावती मागतात तेव्हा फास्टॅगच्या खात्याचा उतारा छापून जोडावा लागतो, आणि तो गाडीमालकाकडून महिन्याभरानंतर मिळवणे फार कठीण जाते, म्हणून त्याच आठवड्यात घ्यावा.

प्रत्येक मानधनातून दहा टक्के कर कापावाच लागतो, हेही पत्रात स्पष्ट लिहावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

बेळगाव, लेखापाल

अधीक्षक साहेबांचे बाकी सर्व बरोबर आहे, मात्र शेवटचे वाक्य तसे नाही. व्यावसायिक सेवेच्या शुल्कावर दहा टक्के कपात आहे, परंतु एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेच्या पुढे गेली तरच ती लागू होते. ही मर्यादा 30,000 रुपये होती आणि 1 एप्रिल 2025 पासून 50,000 झाली. एका भाषणाचे तीन किंवा पाच हजार दिले आणि वर्षात दुसरे काही दिले नाही, तर कपातीचा प्रश्न येत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे अशा मानधनातील पैसे कापले गेले होते आणि ते परत मिळवण्यासाठी त्यांना केवळ तेवढ्यासाठी विवरणपत्र भरावे लागले. त्यामुळे ही ओळ सरसकट घालू नये. पॅन मात्र घेऊन ठेवावा.

कोल्हापूर, वक्ते म्हणून सीमाभागात अनेकदा गेलेले प्राध्यापक

मी पत्राच्या दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून तिकडून लिहितो.

चिकोडी तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या पत्रात ‘संशोधक विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले होते. मी त्याप्रमाणे टिपणे काढली, संदर्भसूचीच्या छायाप्रती आणल्या. सभागृहात गेल्यावर पुढच्या पाच रांगांत गणवेशातील पदवीपूर्व वर्गाची मुले बसलेली होती, कारण खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून शेजारच्या इमारतीतील वर्ग आणून बसवले होते. पत्र खोटे नव्हते, संशोधक विद्यार्थी सहाजण होते आणि ते मागे उभे होते. मी टिपणे बाजूला ठेवून गोष्टी सांगितल्या. तेव्हापासून मी फोनवर एवढेच विचारतो, “सर्वांत लहान श्रोता कितवीत आहे?” या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उरलेले मला कळते.

प्रवासाविषयी सांगायचे तर, मला कोल्हापुराहून इकडे येणे सोपे आहे, पण ते नेहमीच सोपे असते असे नाही. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये सीमेवरील तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या होत्या. त्यांपैकी एका वेळी माझे भाषण ठरलेले होते. मी कागलपर्यंत महाराष्ट्राच्या बसने आलो आणि तेथून संयोजकांनी आपली गाडी पाठवून मला नेले, पण हे सर्व त्या सकाळी सात वाजता ठरले. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की हीच वेळ येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. ‘बस बंद असल्यास आम्ही कागलहून आपल्याला घेऊ’ अशी एक ओळ पत्रात असली तर माझी बायको आदल्या रात्री शांत झोपेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

मानधनाविषयी माझे मत असे की रक्कम पत्रात लिहावी. ‘यथोचित मानधन’ हा शब्दप्रयोग वाचला की मी कधीही विचारत नाही आणि कधीही समाधानी होत नाही.

बेळगाव, निवृत्त मराठी विभागप्रमुख

रकमेच्या बाबतीत मी सरांशी सहमत नाही. आमच्याकडे दीड हजार देण्याची ऐपत होती तेव्हा तो आकडा लेटरहेडवर टाइप करून पाठवण्याचे धाडस मला झाले नाही आणि आजही होणार नाही. तो मी फोनवर, हळू आवाजात सांगत असे.

कोल्हापूर, वक्ते म्हणून सीमाभागात अनेकदा गेलेले प्राध्यापक

हळू आवाजात सांगितलेले दीड हजार मी आनंदाने घेतले असते, सर. पण ते सांगण्याची जबाबदारी अनेक संयोजक एकमेकांवर ढकलतात आणि शेवटी कोणीच सांगत नाही.

बेळगाव, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक

आमच्या विभागाने बेंगळुरूच्या एका शास्त्रज्ञांना बोलावले होते. त्यांची मातृभाषा कन्नड, आमची बहुतेक मुले मराठी, पाठ्यपुस्तके इंग्रजी. आम्ही इंग्रजीत पत्र लिहिले आणि भाषणाच्या भाषेविषयी एक अक्षरही लिहिले नाही, कारण विज्ञान इंग्रजीतच असते असे आम्ही गृहीत धरले. समोर कर्नाटकातील मुले आहेत म्हणून त्यांनी प्रेमाने कन्नडात सुरुवात केली. कन्नड माध्यमातून आलेली मुले खूश झाली, मराठी माध्यमातील मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि मधेच भाषा बदला असे पाहुण्यांना सांगणे या गावात किती नाजूक होते हे इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. एका विद्यार्थिनीने हात वर करून इंग्रजीत प्रश्न विचारला आणि त्यांनीच ओळखून पुढचे इंग्रजीत घेतले. आता आम्ही पत्रात ‘भाषण इंग्रजीत असावे, प्रश्न कन्नड, मराठी किंवा इंग्रजीत येतील आणि आमचे अध्यापक भाषांतर करतील’ असे लिहितो. ही ओळ कोणालाही खटकलेली नाही.

ते रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आले होते. ती गाडी सकाळी बेळगावला येते आणि आम्ही त्यांना स्थानकावरून थेट सभागृहात नेले. आंघोळीची आणि नाश्त्याची तासभर सोय अतिथिगृहात करायला हवी होती, हे मला त्यांच्या चुरगळलेल्या शर्टाकडे पाहून उमजले.

निपाणी, पदव्युत्तर विद्यार्थी

मी संयोजक नाही, पाहुण्यांना आणायला जाणारा मुलगा आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो की पत्रात उतरण्याची नेमकी जागा आणि घ्यायला येणाऱ्याचा मोबाइल क्रमांक हवा. पत्रावर प्राचार्यांचा आणि विभागप्रमुखांचा क्रमांक असतो, पण पहाटे तीन वाजता ते दोघेही फोन उचलत नाहीत. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या एका खासगी बसने आमच्या मॅडम वक्त्यांना महामार्गावरच उतरवले, बस गावात आली नाही. मी बसस्थानकावर फुलांचा गुच्छ घेऊन उभा होतो आणि त्या दीड किलोमीटरवर अंधारात सामान घेऊन उभ्या होत्या. चाळीस मिनिटे गेली. त्यांनी रागावून काहीच म्हटले नाही, फक्त विचारले, “बाळा, चहा कोठे मिळेल?” आणि त्या वेळी चहाही कोठे मिळत नव्हता.

आणखी एक लहान गोष्ट आहे. महाराष्ट्रातील पाहुणे रेल्वेच्या ॲपमध्ये जुने नाव शोधतात आणि गोंधळतात. स्थानकाचे नाव आता Belagavi असे दिसते, पण कोड जुनाच, BGM आहे. आम्ही पत्रात कोड लिहून देतो.

खानापूर, मराठीच्या प्राध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार मानते. आज बसून मी मसुदा नव्याने लिहिला. बी. ए. च्या वर्गांतील 42 मुले, त्यांपैकी 19 कन्नड माध्यमातून आलेली, ही संख्या हजेरीपटावरून मोजून घातली, आणि कोल्हापूरच्या सरांचा प्रश्न लक्षात ठेवून ‘पदवीपूर्व वर्ग बोलावले जाणार नाहीत’ असेही लिहिले. त्यासाठी आधी प्राचार्यांची संमती घ्यावी लागली, कारण सभागृह 150 खुर्च्यांचे आहे आणि छायाचित्रात रिकाम्या खुर्च्या दिसतील याची त्यांना काळजी होती. शेवटी आम्ही सभागृहाऐवजी ग्रंथालयाचा वाचनकक्ष घेतला.

परतीचा प्रवास आधी लिहिला आहे. बेळगावहून आमच्या गावापर्यंतचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर आमची गाडी नेईल आणि आणील, घ्यायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा क्रमांक त्याच्या परवानगीने दिला आहे, कराची ओळ काढली आहे आणि पॅनची ठेवली आहे. मानधनाची ओळ मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. सध्या तेथे जागा रिकामी आहे, आणि पत्र परवा टपालात पडायला हवे.

बेळगाव, निवृत्त मराठी विभागप्रमुख

ती जागा रिकामी ठेवूनच पत्र पाठवू नका, बाई. लिहायची नसेल तर ओळच काढून टाका आणि उद्या संध्याकाळी फोन करा. आणि एक विचारायचे राहिले. वाचनकक्षात ध्वनिक्षेपक आहे का? वक्त्यांना ते आधी कळवा, आमच्या एका पाहुण्यांचा घसा आदल्याच दिवशी बसला होता.